हिमोग्लोबिन घसरलं, पण रक्त वाढलं

डॉक्टर मॅडम, मी २६ वर्षांची, मानेवाड्याला राहते. पहिलंच बाळंतपण, २६ आठवडे झाले. नाव नोंदवलं तेव्हा, आठव्या आठवड्यात, हिमोग्लोबिन १२.२ होतं. मागच्या आठवड्यात १०.१ आलं. चौथ्या महिन्यापासून लाल गोळी रोज घेते. सकाळी चहा-नाश्ता झाला की कॅल्शियमच्या गोळीसोबतच घेऊन टाकते, म्हणजे विसरणं होत नाही. बीट खाते, डाळिंब खाते, तरी कमी कसं झालं? सासूबाई म्हणतात, पोरीच्या रक्ताचं पाणी होऊन राहिलं. आमचे डॉक्टर म्हणाले, या दिवसांत एवढं कमी होतंच. जाऊबाईंचं मात्र सातव्या महिन्यात १३.४ होतं. नणंद म्हणते, सलाईनमधून लोह लावून घे. कोणाचं ऐकू? दोन्ही रिपोर्टचे फोटो पाठवत आहे.
— एक वाचक, नागपूर

तुमच्या सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत आणि तुमचे डॉक्टरही अर्धेच बरोबर आहेत. दोघांच्या मधलं जे उरतं, ते तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टमध्येच छापलेलं आहे. फक्त ते हिमोग्लोबिनच्या ओळीत नाही, तिच्याखालच्या तीन-चार ओळींत आहे. त्या ओळी सहसा कोणी वाचत नाही.

आधी सासूबाईंचं पाणी. ते खरंच वाढतं. रक्त म्हणजे तांबड्या पेशी आणि त्या ज्यात तरंगतात तो पिवळसर द्रव, म्हणजे प्लाझ्मा. रक्ताची बारीक नळी यंत्रात गरगर फिरवली की खाली तांबडा थर बसतो आणि वर प्लाझ्मा राहतो. गरोदर बाईची नळी बघितली तर तांबडा थर आखूड दिसतो. कारण सहाव्या-सातव्या आठवड्यापासूनच मूत्रपिंडं मीठ आणि पाणी राखून ठेवायला लागतात. ३२ ते ३४ आठवड्यांपर्यंत प्लाझ्मा जवळपास ४० ते ५० टक्के वाढलेला असतो. तांबड्या पेशीही वाढतात, पण त्या हाडांच्या मज्जेत तयार व्हाव्या लागतात आणि त्यांना लोह लागतं. म्हणून त्यांची वाढ हळू आणि कमी होते. लोह भरपूर मिळालं तर ती तीस टक्क्यांच्या आसपास जाते, नाही मिळालं तर अठरा-वीसवर अडते.

हे शरीराचं काही चुकलेलं नसतं. पातळ रक्त वारेतून सहज फिरतं. बाळंतपणात अर्धा लिटर रक्त गेलं तरी बाई सावरते, त्यामागेही ही आधीची वाढ असते.

आता थोडा हिशेब करू. रिपोर्टमधलं १२.२ म्हणजे दर डेसिलिटर रक्तात, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये, १२.२ ग्रॅम हिमोग्लोबिन. तुमच्या अंगात एकूण किती आहे हे तो आकडा सांगतच नाही. आठव्या आठवड्याच्या कार्डावर तुमचं वजन ५४ किलो लिहिलेलं दिसतं. अशा बाईच्या अंगात तेव्हा साधारण ३.६ लिटर रक्त धरू, म्हणजे एकूण हिमोग्लोबिन ४३९ ग्रॅमच्या आसपास. आज, २६ आठवड्यांना, रक्त ४.८ लिटरच्या घरात गेलं असेल. १०.१ ने गुणलं तर ४८५ ग्रॅम होतात. लिटरचे आकडे माझा अंदाज आहेत, मोजलेले नाहीत, पण दिशा पक्की आहे. कागदावरचा आकडा दोनने उतरला, आणि त्याच काळात तुमच्या अंगातलं हिमोग्लोबिन ४५ ग्रॅमच्या आसपास वाढलं. तेव्हा रक्ताचं पाणी झालेलं नाही. रक्त वाढलं, पाणी त्याहून जास्त वाढलं.

म्हणूनच गरोदरपणात कमीची रेघही थोडी खाली असते. पहिल्या आणि शेवटच्या तिमाहीत ती ११ वर धरतात आणि मधल्या तिमाहीत जागतिक आरोग्य संघटना १०.५ धरते. आपल्याकडचा सरकारी कार्यक्रम सरसकट ११ धरतो. कोणत्याही रेघेने मोजलं तरी तुमचं १०.१ तिच्या खालीच आहे. इथे मी तुमच्या डॉक्टरांपासून वेगळी होते. ‘एवढं कमी होतंच’ हे वाक्य १०.८ ला शोभतं, १०.१ ला नाही.

पण समजा तुमचं १०.६ आलं असतं, रेघेच्या जरासं वर, तर? ते नुसत्या पाण्यामुळे की लोहही संपलं, हे कसं ओळखायचं? त्यासाठी आपल्या तर्रीचं उदाहरण घ्या. पाहुणे वाढले आणि पोहेवाल्याने तर्रीत पाणी वाढवलं, तर प्रत्येक वाटीत चणे कमी येतील. पण चण्याचा दाणा काही लहान होणार नाही, पोकळही होणार नाही. रक्ताचंही तसंच आहे. प्लाझ्मा वाढला की दर वाटीमागे मोजलेली प्रत्येक गोष्ट उतरते, म्हणजे हिमोग्लोबिन, तांबड्या पेशींची संख्या आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे नळीतल्या तांबड्या थराचा वाटा. एकेका पेशीचं मोजमाप मात्र पाण्याने हलत नाही. एमसीव्ही म्हणजे पेशीचा सरासरी आकार आणि एमसीएच म्हणजे एका पेशीत भरलेलं हिमोग्लोबिन. हे दोन आकडे उतरले तर दोष पाण्याचा नाही, दाण्याचा आहे. खरं तर गरोदरपणात मज्जेतून नव्या, ताज्या पेशी जास्त बाहेर पडतात आणि त्या थोड्या मोठ्या असतात. म्हणून सगळं ठीक असेल तर एमसीव्ही या काळात किंचित वरच सरकतो.

तुमचे दोन रिपोर्ट मी शेजारी शेजारी ठेवले. आठव्या आठवड्यात पेशींची संख्या ४.३५, एमसीव्ही ८४, एमसीएच २८, आरडीडब्ल्यू १३.४. सव्विसाव्या आठवड्यात संख्या ४.०४, एमसीव्ही ७८, एमसीएच २५, आरडीडब्ल्यू १७.१. पेशींची संख्या ४.३५ वरून ४.०४ झाली, म्हणजे सात टक्के कमी. सगळा खेळ पाण्याचाच असता तर हिमोग्लोबिनही सात टक्केच उतरलं असतं, १२.२ चं ११.३ झालं असतं. ते १०.१ झालं. मधला सव्वा ग्रॅम पाण्याच्या खात्यावर लिहिता येत नाही. तो पेशी अर्धवट भरल्यामुळे गेला आहे. खरी तूट याहून थोडी जास्तच असणार, कारण लोह नसलं की पेशी पोकळ तर बनतातच, शिवाय कमीही बनतात.

आरडीडब्ल्यूचा आकडा आणखी एक गोष्ट सांगतो. पेशींच्या आकारात किती लहान-मोठेपणा आहे, ते त्यावरून कळतं. तुमच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर काही पेशी नीट भरलेल्या दिसतील आणि त्यांच्या शेजारीच काही लहान, मधला फिकट भाग मोठा झालेल्या, नुसती कड रंगवलेल्या बांगडीसारख्या. भरलेल्या पेशी लोह होतं तेव्हाच्या, पोकळ त्यानंतरच्या. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून दोन्ही एकत्र फिरत असतात. एमसीव्ही ७८ ही त्या सगळ्यांची सरासरी आहे. गेल्या महिन्याभरात तयार झालेल्या पेशी त्याहूनही लहान असणार. म्हणून ‘७८ म्हणजे जरासाच कमी’ असं कोणी म्हटलं तर निर्धास्त होऊ नका.

निवासी डॉक्टर असताना मीही ‘एवढं कमी होतंच’ हे वाक्य म्हटलेलं आहे. २८ आठवड्यांची एक बाई आली होती, हिमोग्लोबिन १०.४. मी म्हटलं, नैसर्गिक आहे, आणि खालच्या ओळी न वाचताच कागद परत दिला. प्रसूतीच्या वेळी तिचं ८ होतं आणि रक्तस्राव झाल्यावर दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. तेव्हापासून मी गरोदर बाईचा रिपोर्ट खालून वर वाचते.

आता लोह गेलं कुठे? पूर्ण गरोदरपणाला साधारण १,००० मिलिग्रॅम लोह लागतं. त्यातलं ३०० च्या आसपास बाळाला आणि वारेला जातं, ४५०-५०० तुमच्याच वाढलेल्या तांबड्या पेशींत आणि उरलेलं रोजच्या नेहमीच्या घटीत. पण ही मागणी नऊ महिन्यांत सारखी वाटलेली नसते. पहिल्या तिमाहीत दिवसाला एक मिलिग्रॅमही पुरतं, कारण पाळी थांबलेली असते. मधल्या तिमाहीत ती ४-५ वर जाते आणि शेवटी ६-७ वर. हे आकडे अंगात शोषल्या गेलेल्या लोहाचे आहेत, ताटातल्या नव्हे. आपल्या पोळी-वरण-भाजीच्या जेवणातून एक-दोन मिलिग्रॅम शोषलं जातं. गरोदरपणात आतडी लोह जास्त ओढायला लागतात, तरी जेवणावर हा खड्डा भरत नाही. उरलेलं साठ्यातून निघतं आणि आपल्याकडे कितीतरी मुली साठा रिकामा घेऊनच सासरी येतात. बाळ आपला वाटा वारेतून आधी ओढून घेतं. तूट आधी आईच्या नव्या पेशींत दिसते आणि तुमच्या रिपोर्टमध्ये तीच दिसते आहे.

बिटाबद्दलही सांगून टाकते. बीट तांबडं आहे ते त्याच्या रंगद्रव्यामुळे. १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं. आवडतं म्हणून खा.

आणि तुमची लाल गोळी. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, नीट घेतली तर त्यातलं सहा-सात मिलिग्रॅम तरी अंगी लागावं. तुम्ही ती चहावर आणि कॅल्शियमसोबत घेता. चहातली टॅनिन लोहाला बांधून ठेवतात आणि कॅल्शियम आतड्यातच त्याची वाट अडवतं. गोळी पोटात जाते, शौच काळी होते, आपल्याला वाटतं लागू पडली. पण काळी शौच म्हणजे न शोषलेलं लोह बाहेर पडतंय. दहा-बारा आठवडे रोज, एकही खाडा न करता, तुम्ही ती घेतली. तुमचा काही दोष नाही. देताना कोणी घड्याळ सांगितलं नाही, एवढंच.

तर घड्याळ असं लावा. कॅल्शियम सकाळच्या नाश्त्यानंतर आणि दुपारच्या जेवणानंतर. रात्री आठला जेवा आणि लोहाची गोळी साडेदहाला झोपताना घ्या, अर्ध्या लिंबाच्या पाण्यासोबत किंवा मोसम असेल तर एका संत्र्यासोबत. आंबट फळातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं, आणि झोपताना घेतल्याने मळमळही झोपेत निघून जाते. कॅल्शियमपासून किमान दोन तास, चहापासून तासभर अंतर हवं. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असताना सरकारी कार्यक्रमात रोज दोन गोळ्या देतात, म्हणून दुसरी गोळी केव्हा सुरू करायची ते तुमच्या डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा. खाजगी दुकानातली गोळी घेत असाल तर पाकिटावर ‘एलिमेंटल’ लोह किती आहे ते बघा. फेरस सल्फेट २०० मिलिग्रॅम लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्ष लोह ६० च्या आसपासच असतं.

लोह वाढवण्याआधी एक शंका विदर्भात प्रत्येकीच्या बाबतीत मिटवावी लागते. लहान पेशी आणि कमी हिमोग्लोबिन थॅलेसेमियाचं वाहकत्व असलं तरी दिसतं, आणि तिथे नुसतं लोह देत राहून आकडा हलत नाही. तुमच्या बाबतीत पहिला रिपोर्ट कामी आला. थॅलेसेमियाच्या वाहकाच्या पेशी जन्मापासून लहान असतात, आणि त्यांची संख्या बरेचदा उलट वाढलेली, पाचच्या वर असते. तुमचा एमसीव्ही आठव्या आठवड्यात ८४ होता आणि संख्या ४.३५. म्हणून तो संशय जवळपास मिटतो. सिकलसेलचा मात्र मिटत नाही, कारण सिकलच्या वाहकाचा एमसीव्ही सहसा चांगला असतो आणि हिमोग्लोबिनही. तुम्ही सिकलच्या तपासणीबद्दल काही लिहिलेलं नाही. झाली नसेल तर एचपीएलसी ही एकच चाचणी करून घ्या, तिच्यात दोन्ही कळतं. डागा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेजच्या बाह्यरुग्ण विभागात विचारा. तुम्ही वाहक निघालात तर यजमानांचीही लगेच करायची. लोह फार कमी असताना थॅलेसेमिया दाखवणारा एचबीए-टू हा आकडा थोडा दबतो, हे रिपोर्ट वाचणाऱ्याला ठाऊक असतं, तुम्ही फक्त लोहाची गोळी सुरू असल्याचं सांगा.

सोबत फेरिटिन करा. साठा किती उरला ते त्यावरून कळतं. १५ च्या खाली म्हणजे भांडं रिकामं, ३० च्या खालीही उपचार करावेच. ताप, सर्दी, लघवीचा जंतुसंसर्ग असताना करू नका, कारण तेव्हा फेरिटिन उगाच चढतं आणि रिकामं भांडं भरलेलं दिसतं. ‘आयर्न प्रोफाइल’चं मोठं पॅकेज कोणी पुढे केलं तर गरज नाही. त्यातला टीआयबीसी गरोदरपणात नुसत्या संप्रेरकांमुळेही वाढतो, त्याच्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

नणंदेला सांगा, सलाईनचा सल्ला वाईट नाही, पण त्याची वेळ आलेली नाही. गोळी नीट घेऊनही महिन्याभरात उत्तर मिळालं नाही, गोळी अजिबात सोसत नसेल, किंवा दिवस ३४ आठवड्यांच्या पुढे गेले आणि वेळच उरला नाही, तर शिरेतून लोह देतात. तेही दवाखान्यात, लक्ष ठेवून. तुमच्याकडे अजून चौदा आठवडे आहेत आणि गोळी योग्य वेळी घेऊन बघणं अजून झालेलंच नाही. बसल्या जागी धाप लागली, छातीत धडधड थांबेना, किंवा हिमोग्लोबिन ७ च्या खाली आलं, तर मात्र पत्र लिहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

राहिल्या जाऊबाई. त्यांचं १३.४ आठवून स्वतःला कमी लेखू नका. सातव्या-आठव्या महिन्यात हिमोग्लोबिन १३ च्या वर असलं की आम्ही उलट एकदा रक्तदाब बघतो आणि बाळाची वाढ मोजतो. कधी ते उत्तम लोहामुळे असतं, आणि कधी प्लाझ्मा वाढायला हवा तेवढा वाढलाच नाही म्हणूनही. पेशी तेवढ्याच, पाणी कमी, म्हणून आकडा चढा. गरोदरपणातल्या वाढत्या रक्तदाबात असं दिसतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा दिवसभर पाणी न पिता तपासणीला आलेल्या बाईचाही आकडा थोडा फुगतो. जाऊबाईंचं बाळंतपण नीट झालं असेल तर विषय संपला.

चार आठवड्यांनी, म्हणजे तिसाव्या आठवड्यात, त्याच लॅबमध्ये शिरेतून रक्त देऊन पुन्हा सीबीसी करा. बोटाला टोचून केलेल्या आकड्याशी त्याची तुलना करू नका. बोट दाबून काढलेल्या थेंबात पेशींच्या भोवतीचं पाणी मिसळतं आणि आकडा हलतो. हिमोग्लोबिन एक ग्रॅमने वाढलं तर लोह लागू पडतंय. पण त्या चार आठवड्यांत तुमचा प्लाझ्माही वाढतच असणार, म्हणून वाढ अर्धा ग्रॅमच दिसली तरी लगेच निराश होऊ नका, आधी एमसीएच बघा. तो २५ वरून २६-२७ कडे सरकला असेल तर नव्या पेशी भरून येत आहेत. आरडीडब्ल्यू १७ चा १९ झालेला दिसेल कदाचित, त्यावर लॅबवाले लाल खूणही करतील. ते जुन्या पोकळ पेशींच्या गर्दीत नव्या भरलेल्या पेशी आल्यामुळे. तीन-चार महिन्यांत जुन्या संपतात आणि तो आकडा आपोआप खाली येतो. एमसीएच जागचा हलला नसेल, तर तो रिपोर्ट, फेरिटिन आणि एचपीएलसी असे तिन्ही कागद घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि सलाईनचं तेव्हा विचारा.